अनुभव धागा: आपलं काम न सांगता दुसऱ्याकडे गेल्याचं कळलं तेव्हा

चिंचेखाली:
काल मैत्रिणीच्या मुलीचा फोन आला. नुकतीच आर्किटेक्ट झालीय, पहिलंच स्वतःचं काम, आणि मालकाने परस्पर दुसऱ्याला नेमलं. रडत होती. तिची समजूत घालता घालता मला माझा नाशिकचा बंगला आठवला, आणि मग झोप कसली लागतेय.

डॉक्टर नवरा-बायकोचं घर. नकाशे मंजूर झाले होते, जोत्याची तपासणीही झाली होती. त्यानंतर साइटवरून फोन येईनासे झाले. एरवी "मॅडम, लोखंड बघायला कधी येताय?" म्हणून मागे लागणारा काँट्रॅक्टर एकदम गप्प. मग त्यांच्या मुलाचा मेसेज आला की इंटिरिअरवाल्याला डीडब्ल्यूजी फाइल हव्यात. पाठवल्या. पुढे एकदा सळईवाला दुकानात सहज बोलून गेला, "नव्या नकाशात जिना फिरवलाय ना, माल जास्त लागला." मी जिना फिरवलाच नव्हता!

तशीच साइटवर गेले. सिमेंटच्या गोण्यांवर नकाशा पसरलेला, खालच्या चौकटीत दुसऱ्याच आर्किटेक्टचं नाव. खिडक्यांवर मात्र ख१, ख२, ख३. बाकी सगळे डब्ल्यू लिहितात, मी पहिल्यापासून ख लिहिते, कारण गवंड्यांना ते पटकन लागतं. माझं नाव काढलं आणि माझे ख तसेच ठेवले! मालकांना फोन केला तर म्हणाले, "अहो, सांगणारच होतो तुम्हाला." का काढलं ते आजतागायत कळलेलं नाही.

तुमच्या बाबतीत असं झालंय का? कुठल्याही क्षेत्रातलं चालेल, लिहा.

सोनचाफा:
अगं बाई 😢 ते ख वाचून पोटात तुटलं.

विनू_पुणे:
आयटीत तर हे रोजचं. माझ्याकडे एका बँकेचं डेटा मायग्रेशन होतं. सोमवारी जिरा उघडलं तर सगळ्या तिकिटांवर दुसऱ्याचं नाव. क्लायंटबरोबरची आठवड्याची मीटिंग कॅलेंडरमधून गायब. मॅनेजर म्हणाला "बँडविड्थ". त्याच्या आदल्या आठवड्यात मला "सगळं जरा डॉक्युमेंट करून ठेव" सांगितलं होतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. ताईंच्या डीडब्ल्यूजीचंही तेच. स्टँडअप सुरू होतोय, उरलेलं नंतर लिहितो.

आईची_लगबग:
माझ्या लेकीचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रोजेक्ट बाईंनी असाच दुसऱ्या मुलीला देऊन टाकला. ठिबक सिंचनाचं मॉडेल, सलाईनच्या नळ्या वापरून केलेलं. मांडायला दुसरी उभी आणि माझी लेक प्रेक्षकांत. कुकर लावलाय, नंतर येते.

निवृत्त_उपअभियंता:
ताई, काळजी नसावी. पहिल्या आर्किटेक्टच्या एनओसीशिवाय पालिका पुढचं पान उलटत नाही. मालकाला तुमच्या दारात यावंच लागणार.

रेघोट्या:
काका, बदलाचा अर्ज गेला तरच एनओसीचा प्रश्न येतो. खूपसे मालक तो अर्जच करत नाहीत. पालिकेच्या कागदावर जुनं नाव आणि साइटवर नवा माणूस, असं काम स्लॅबमागून स्लॅब चढत जातं. भोगवट्याची वेळ आली की मग सगळ्यांना जाग येते.

खरा धोका तिथेच आहे. ताईंनी जिना फिरवलेला नाही, पण मंजूर नकाशावर सही ताईंची. उद्या त्या जिन्यापाशी तडा गेला तर पहिली नोटीस ताईंनाच. त्यामुळे मैत्रिणीच्या मुलीला सांगा, रडून झालं की त्याच दिवशी पत्र लिही. पालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाला कळवायचं की अमुक तारखेपासून देखरेख माझी नाही. शेवटचं कुठलं काम स्वतः तपासलं तेही लिहायचं, जोतं तर जोतं, पहिला स्लॅब तर पहिला स्लॅब. त्यापुढचं मी पाहिलेलं नाही आणि मंजूर नकाशापेक्षा काही वेगळं दिसलं असेल तर ते हे, एवढं त्यात आलं पाहिजे. एक प्रत मालकाला स्पीड पोस्टाने, एक स्ट्रक्चरल इंजिनिअरला. पालिकेचा आवक शिक्का असलेली प्रत जपून ठेवायची. साइटचे तारखेसकट फोटो असतील तर उत्तमच.

राग, अपमान यातलं काही त्या पत्रात नको. मी एकदा लिहून बसलो आणि समोरच्या वकिलाने तेवढंच वाचून दाखवलं.

चिंचेखाली:
रेघोट्या, मी पत्र दिलं होतं, पण जिन्याचं त्यात लिहिलं नव्हतं. तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं हो. मुलीला हे जसंच्या तसं पाठवते.

लढवय्या:
पत्रं कसली लिहिताय? नकाशाचा कॉपीराइट आर्किटेक्टचा असतो. कोर्टातून स्टे आणा आणि बांधकाम बंद पाडा!

काळा_कोट:
पहिलं वाक्य बरोबर, दुसरं चुकलं. करारात हक्क लिहून दिलेले नसतील तर नकाशा आर्किटेक्टचाच. पण कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५९ बघा. एकदा बांधकाम सुरू झालं की ते थांबवायचा मनाई हुकूम मिळत नाही, पाडायचाही आदेश मिळत नाही. नुकसानभरपाई मागता येते. इथे जोतं कधीच वर आलेलं आहे.

माझंही सांगतो. तारखेला उभा राहिलो तर माझ्याच अशिलाचं नवं वकीलपत्र दाखल. न्यायाधीशांसमोर कळलं मला. फी बाकी होती, वाटलं फाइल देऊच नये. पण वकिलाला फीसाठी अशिलाचे कागद अडवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय. दिली फाइल. फी अजून यायचीय.

सोनचाफा:
मग आर्किटेक्टने फी मिळेपर्यंत एनओसी अडवून ठेवली तर चालतं का?

रेघोट्या:
बरेच जण अडवतात. मला ते पटत नाही, कारण तोवर आपलं नाव कागदावर अडकून राहतं. फीसाठी वेगळी नोटीस द्यावी. पण फी बुडालेल्या माणसाला मी कुठल्या तोंडाने हे सांगू?

निवृत्त_उपअभियंता:
अडवावीच. एनओसी हातातून गेली की पैसे गेले. माझ्या मेव्हण्याचे असेच गेले.

दुसरी_बाजू:
मी तो "दुसरा" होतो. कोल्हापुरात एका मालकाने छान रंगवलेले नकाशे पुढे ठेवले, म्हणाले आधीच्यांनी काम सोडलं. आम्हा आर्किटेक्टांचे आचारनियम आहेत १९८९ चे. त्याच मालकाकडे आधी कुणी होतं हे माहीत असेल तर त्यांना कळवायचं. फोन केला. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग बाई म्हणाल्या, "मी सोडलेलं नाही. उद्या साइटवर जाणारच होते." पोटात गोळा आला. त्यांचा हिशेब मिटेपर्यंत पेन्सिल उचलली नाही, मालक चिडले तरीही. तुमच्या जागी आलेल्या माणसाने साधा एक फोन करायला हवा होता, ताई.

चिंचेखाली:
हे वाचून फार बरं वाटलं. खरंच. त्या बाईंना निदान तुमच्याकडून तरी कळलं.

विनू_पुणे:
आलो. आमच्यात एनओसी वगैरे काही नसतं, शुक्रवारी ॲक्सेस काढला, संपलं. तीन महिन्यांनी नवीन मुलगा रात्री अकराला विचारतोय, "ही स्क्रिप्ट कशी चालवायची?" सांगितलं त्याला. त्याला तरी कुठे काय सांगितलं होतं.

आईची_लगबग:
कुकर झाला. लेक म्हणतेय ते ठिबकचं मॉडेल अजून शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, मागून घेऊ का? आणि चिंचेखाली ताई, तुम्ही दारांना काय लिहिता हो, द१?

चिंचेखाली:
हो, द१, द२. आणि मॉडेल मागाच, पण तिलाच मागू द्या.