बासष्ट हजार फॉलोअर्स आणि नऊ हजारांचा दर

"ब्रँडला मेल करताना फॉलोअर्स लिहायचे की व्ह्यूज, आणि दर कसा सांगायचा?"

व्ह्यूज लिहा, पण सरासरी नको. माझे बासष्ट हजार फॉलोअर्स आहेत. शेवटच्या दहा रील्सपैकी नऊ १८ हजारांच्या आसपास थांबल्या, आणि कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतानाची एक चार लाखांवर गेली. सरासरी काढली तर ५६ हजार येते, पण तेवढ्या व्ह्यूज पुढच्या रीलला मिळणार नाहीत हे मलाही माहीत असतं. म्हणून एका मसाल्याच्या ब्रँडला मी सरळ लिहिलं: "दहापैकी नऊ रील्स १८ हजारांच्या घरात असतात. इनसाइट्समध्ये जळगाव, धुळे, भुसावळ ही गावं वर आहेत. स्क्रीनशॉट जोडला आहे." त्यांची दुकानं याच पट्ट्यात होती, त्यामुळे उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं.

दराचा हिशेबही मेलमध्येच मांडला. दोन दिवसांचं काम ७ हजार, सामान आणि शूटिंगची मदत २ हजार, एकूण ९ हजार. म्हणजे एका व्ह्यूला पन्नास पैसे. त्यांनी घासाघीस केली तेव्हा मी रक्कम उतरवली नाही, रीलसोबतच्या दोन स्टोरीज कमी केल्या.

एक ओळ मात्र विसरू नका: "ही रील जाहिरात म्हणून चालवायची असल्यास ३० दिवसांचे ४,५०० वेगळे." आधीच्या एका कंपनीच्या मेलमध्ये ती नव्हती. माझा चेहरा पाच महिने त्यांच्या जाहिरातीत फिरला, आणि त्यामुळे दुसऱ्या मसालेवाल्याने मला नकार दिला.