मदत हवी आहे: लो-फॉडमॅप चार महिने झाले, बंद करायची भीती वाटते

धागाकर्ती: फुगलेला_फुगा
आयबीएस आहे, म्हणजे आतडं चिडकं असण्याचा विकार. पोट फुगणं आणि गॅस यांनी हैराण होते. डॉक्टरांनी लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि गॅस करणाऱ्या साखरा टाळणारा आहार, चार ते सहा आठवडे करायला सांगितला होता. कांदा, लसूण, गहू, दूध, हरभरे, मध सगळं बंद केलं आणि तिसऱ्या आठवड्यात पोट शांत झालं. मग पुन्हा तपासणीला गेलेच नाही (चूक माझीच). आता चार महिने झालेत. गेल्या रविवारी धीर करून ब्रेड, कांदा घातलेलं सूप आणि कपभर दूध घेतलं, तर रात्रभर पोटाचा नगारा. म्हणजे हे आयुष्यभर पाळायचं का?

गव्हाचा_शत्रू
ग्लूटेनच आहे हे. गहू सोडा, बाकी सगळं खा. मी तसंच केलं.

आतड्याची_गोष्ट
मी आहारतज्ज्ञ आहे. गव्हाने त्रास होतो हे बरोबर, पण आयबीएसमध्ये बऱ्याचदा ग्लूटेनपेक्षा गव्हातलं फ्रुक्टान, म्हणजे अशाच साखरांपैकी एक, नडतं. तेच कांदा-लसणातही असतं, त्यामुळे नुसता गहू सोडून भागेलच असं नाही. फुगाताई, गहू बंद करण्याआधी सीलिअ‍ॅकची, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी झाली होती का? गहू सुटल्यावर ती फसवी येऊ शकते.

रविवारी तुम्ही तीन वस्तू एकदम घेतल्यात, त्यामुळे दोषी कोण ते कळणारच नाही. शिवाय या फॉडमॅप साखरांची बेरीज होते. प्रत्येकीचं थोडं थोडं चाललं असतं, ते मिळून जड गेलं. बाकी आहार आहे तसाच ठेवा आणि फक्त दूध तपासा. पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. त्रास झाला की तिथेच थांबा. मग दोन-तीन दिवस दूध बंद, पोट जागेवर आलं की पुढची वस्तू. दूध पचलं तरी बाकीच्या चाचण्या संपेपर्यंत ते बाहेरच ठेवायचं, नाहीतर पुन्हा गोंधळ.

जळजळ_कायमची
मला रात्री छातीत जळजळते, मीही दूध बंद करू का?

आतड्याची_गोष्ट
ते दुखणं वेगळं, त्यासाठी हा आहार नाही. डॉक्टरांना दाखवा.

फुगलेला_फुगा
सीलिअ‍ॅकची तपासणी आधीच झाली होती, निगेटिव्ह. पण आता बरं वाटतंय, तर असंच चालू ठेवलं तर बिघडलं काय?

आतड्याची_गोष्ट
ज्या साखरा तुमच्या आतड्यात गॅस करतात, त्यांच्यावरच बायफिडोबॅक्टेरिया हे उपयोगी जिवाणू जगतात. हा आहार सुरू केल्यावर काही आठवड्यांतच त्यांची संख्या घटलेली दिसते. कॅल्शियम आणि तंतूही कमी पडू शकतात. उलट त्या रात्रीच्या गॅसने आतड्याला इजा झालेली नाही, फक्त त्रास झाला. सगळं बंद करण्याचा पहिला टप्पा म्हणजे तपास आहे, उपचार नव्हे. मात्र शौचातून रक्त, वजन घटणं किंवा रात्री पोटदुखीने जाग येणं असलं काही असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

फुगलेला_फुगा (नऊ दिवसांनी)
तसलं काही नाही. दुधाची चाचणी केली. अर्ध्या कपापर्यंत काही नाही, पूर्ण कपाला संध्याकाळी पोट फुगलं. म्हणजे चहातलं दूध चालेल!

आतड्याची_गोष्ट
हो, पण सगळ्या चाचण्या झाल्यावर. आता ब्रेड घ्या, एका स्लाइसपासून. कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासायचे.

फुगलेला_फुगा
लसणाचीच धास्ती आहे. तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या तर?

आतड्याची_गोष्ट
चालतं, फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात नाही. मात्र भांड्यात पाणी किंवा भाजी पडायच्या आत पाकळ्या काढा.

गव्हाचा_शत्रू
मी अजूनही ग्लूटेनवरच ठाम आहे. पण कांदा खाल्ल्यावर मलाही फुगतं, ते कसं काय?