‘अवास्तव नफा’ चालेल का?

शहापूरकर: उद्यमबागेतल्या एका कंपनीचा अहवाल जुन्या भागधारकांसाठी मराठीत करतोय. कंपनीने 4 लाखांना घेतलेले शेअर 31 मार्चला 4 लाख 90 हजारांचे झाले, विकलेले नाहीत. या वरच्या 90 हजारांना मी ‘अवास्तव नफा’ लिहिलं. वडील म्हणाले, “अवास्तव म्हणजे खोटा. सभेत लोक उठतील.” दुसरा शब्द सुचवा.

निपाणीकर: ‘न वटलेला नफा’. आमच्या तंबाखूच्या वखारीत आजोबा म्हणायचे, माल वटला तर नफा. पण असला नफा वहीत धरायचाच नसतो. खरेदी किंवा बाजारभाव, कमी असेल तो घ्यायचा.

टिळकवाडीची सीए: काका, मालाचं बरोबर आहे. जुन्या मानकांवर चालणाऱ्या कंपन्यांत चालू गुंतवणुकीलाही तोच नियम. पण ही कंपनी इंड एएस या नव्या लेखा मानकांवर चालणारी दिसते. शहापूरकर, 90 हजार नफ्यात आहेत की खाली ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्ना’त?

शहापूरकर: खाली. म्युच्युअल फंडाचा 30 हजारांचा तोटा मात्र वर, नफ्यातून वजा. मला छपाईची चूक वाटली.

टिळकवाडीची सीए: चूक नाही. शेअर खरेदी-विक्रीच्या धंद्यासाठी घेतले नसतील, तर त्यांची चढउतार खाली दाखवायचं हे कंपनी शेअर घेतानाच ठरवू शकते. मग ते बदलता येत नाही. फंडाला ही मुभा नाही, कारण युनिट परत करून फंडाकडूनच पैसे घेता येतात. म्हणून त्याचा नफा असो वा तोटा, वरच.

आता शब्द. हे शेअर उद्या 4 लाख 90 हजारांना विकले, पैसे बँकेत आले, तरी ते 90 हजार नफ्याच्या ओळीत येणार नाहीत. फार तर एका राखीव निधीतून दुसऱ्यात जातील. लाभांश तेवढा नफ्यात. ‘न वटलेला’ वाचून भागधारक पुढच्या वर्षी नफ्यात ती रक्कम शोधतील. ‘वाजवी मूल्यातील वाढ’ लिहा.

खानापूरवाली: ताई, माझ्या फंडाला दोन वर्षं झाली, विकला तर कर किती?

टिळकवाडीची सीए: तो कराचा प्रश्न, वेगळा विचारा गं. इथं फक्त कंपनीचा हिशेब चाललाय.

मराठीप्रेमी: ‘वाजवी’ अरबीतून आलेला. ‘योग्य मूल्य’ का नको?

निपाणीकर: मग ‘नफा’ पण अरबीच की! आमच्यात बायकासुद्धा ‘लुकसान झालं’ म्हणतात, कुणाचं काही अडत नाही.

मराठीप्रेमी: बोलणं वेगळं, छापणं वेगळं. सीमाभागात मराठी कागद आधीच कमी, जो निघेल तो नीट निघावा.

शहापूरकर: वडिलांना ‘वाजवी मूल्यातील वाढ’ दाखवलं. विचारतात, “वाढ झाली तर नफा का म्हणत नाही?”

निपाणीकर: बघा. ‘वटणे’ कन्नड ‘ओट्टु’वरनं आलं असणार. एकूण जमलं की वटलं.

टिळकवाडीची सीए: काका, हुंडी वटते ती जमून नाही, पैसे हातात आले म्हणून.