मदत हवी आहे: "70 टक्के पैसा पगारात?" याचं उत्तर देणगीदारांना कसं द्यावं?

आमची छोटी संस्था पाड्यांवरच्या मुलांना वाचन-गणित शिकवते. वार्षिक खर्च 22 लाख, त्यात पगार 15 लाख 72 हजार. सहा शिक्षिकांना महिना प्रत्येकी 15 हजार, पर्यवेक्षिकेला 25 हजार, हिशेबनिसाला 16 हजार. एक जुने देणगीदार जमाखर्च पाहून म्हणाले, "पगाराला नको, दप्तरांना देतो." पण जोडाक्षराशी अडलेल्या मुलाशेजारी तासभर बसते ती शिक्षिका, दप्तर नव्हे. शाळेत शिक्षकाच्या पगाराला कुणी वरखर्च म्हणत नाही.

परदेशी देणग्यांच्या कायद्यात प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे, पण शाळेतल्या शिक्षकांचे किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पगार त्यात धरत नाहीत. आम्ही परदेशी देणगी घेत नाही, तरी हाच दाखला देऊन पाहिला. ते म्हणाले, "कायदा ठीक, पण पगार तो पगारच." वर्तुळालेखाने तर पगाराचा तुकडा आणखीच डोळ्यात भरला.

शिक्षिकांचे पगार 'शिकवणे' या शीर्षकाखाली दाखवता येतील, पण पगार हा शब्दच गाळला तर ती लपवाछपवी वाटेल, ते मला नको. लेखापरीक्षण दरवर्षी होतं, अहवालही पाठवतो. देणगीदार बहुतेक निवृत्त, वैयक्तिक देणाऱ्या व्यक्ती आहेत, कंपन्या नाहीत.

एका पानाच्या पत्रात हिशेब नेमका कसा मांडू? दर मुलामागे खर्च दाखवावा की शिक्षिकेचा एक दिवस? आणि हिशेबनिसाच्या पगाराचं समर्थन तुम्ही कोणत्या शब्दांत करता?