लहान झालेले कपडे आणि खेळणी कोणाला द्यावीत? (बी विंग ग्रुपवरील चर्चा)

केतकी, बी-४०३
नमस्कार. आमची मुलगी येत्या जूनमध्ये पाच वर्षांची होईल. तिचे जन्मापासूनचे कपडे आणि खेळणी चार मोठ्या पिशव्यांत साठली आहेत. माझ्या नणंदेला डिसेंबरमध्ये नाशिकला मुलगी झाली आहे, त्यामुळे पहिला हक्क तिचा. उरलेल्यांपैकी काही विकावे आणि काही दान करावे, असा विचार आहे. मी लेबलवरच्या वयाप्रमाणे ढीग करायला घेतले, परंतु एकाच लेबलचे दोन फ्रॉक शेजारी ठेवले तर त्यांच्या लांबीत चार बोटांचा फरक दिसतो. वर्गवारी नेमकी कशाच्या आधारे करावी, हे कृपया सांगावे.

सुनंदाकाकू, बी-१०२
केतकी, लेबल बाजूला ठेव आणि शिवणकामाची टेप घे. प्रत्येक कंपनीचे माप वेगळे असते, आणि होजिअरीचे कपडे धुऊन धुऊन लांबीला आखडतात, त्यामुळे 'एक ते दीड वर्ष' लिहिलेला टी-शर्ट प्रत्यक्षात नऊ महिन्यांच्या बाळालाच नीट बसतो. कपडा सपाट पसरून खांद्यापासून खालच्या कडेपर्यंतची लांबी आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची रुंदी मोजावी, आणि या दोन मापांवरून ढीग लावावेत. पँटसाठी कंबर ताणून न धरता मोजावी. नणंदेलाही सांग, की तिच्या मुलीला आज नीट बसणाऱ्या एका झबल्याची हीच दोन मापे कळव. म्हणजे कोणत्या ढिगापासून सुरुवात करायची ते तुला घरबसल्या समजेल.

याहून महत्त्वाची गोष्ट ऋतूची आहे आणि तीच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तुझी मुलगी जूनची, म्हणून पहिल्या थंडीत ती पाच ते आठ महिन्यांची होती आणि तिचे लोकरीचे कपडे त्या मापाचे आहेत. नणंदेची मुलगी डिसेंबरची. ती सहा ते नऊ महिन्यांची होईल तेव्हा जून ते सप्टेंबर असा पावसाळा असेल आणि थंडी पुन्हा येईल तेव्हा ती अकरा महिन्यांच्या पुढे गेलेली असेल. म्हणजे तुझ्याकडचे ते छोटे स्वेटर नाशिकला पाठवले, तर एकदाही अंगावर न चढता ते कपाटात राहतील. तुझ्या मुलीचे दुसऱ्या थंडीतले, दीड वर्षाच्या मापाचे स्वेटर मात्र तिथे बाह्या दुमडून चालतील, कारण लोकरीचा कपडा थोडा सैल असला तरी अडत नाही.

प्राजक्ता, सी-२०५
काकूंच्या म्हणण्याला धरून विचारते. मला मे महिन्यात बाळ होणार आहे, म्हणजे पुढच्या थंडीत ते साधारण सहा ते आठ महिन्यांचे असेल. केतकीताई, ते छोटे स्वेटर मी विकत घेऊ शकेन का? आणि बोरन्हाणाचा काळा पोशाख आहे का?

केतकी, बी-४०३
प्राजक्ता, दोन्ही आहेत. आमच्या मुलीचे बोरन्हाण ती सात महिन्यांची असताना केले होते, त्यामुळे तो काळा फ्रॉक त्याच मापाचा आहे. नणंदेच्या मुलीचे बोरन्हाण पुढच्या संक्रांतीला, ती तेरा महिन्यांची असताना होईल, म्हणजे तिला तो बसणारच नाही. तू फ्रॉक तसाच घेऊन जा, त्याचे पैसे नकोत. स्वेटरचे काय ते आपण बोलू.

सुनंदाकाकू, बी-१०२
फार चांगले. आता विकायचे, द्यायचे आणि टाकायचे यातला फरक. कमरेचे इलॅस्टिक दोन्ही हातांनी ताणून कानाजवळ धर. कुरकुर आवाज आला किंवा ते मूळ मापावर परतले नाही, तर ते वाळले आहे. इलॅस्टिक नेफ्यातून ओवलेले असेल तर ते बदलता येते. कापडावरच शिवलेले असेल तर ती पँट देण्याच्या ढिगातून काढावी. टोपीला किंवा गळ्याला नाडी असेल तर ती ओढून काढून टाकावी, कारण घसरगुंडीवर ती अडकून मुलाच्या गळ्याला फास बसू शकतो. कोणाला द्यायचा कपडा असा असावा, की आपण आपल्याच मुलाला तो पुन्हा घातला असता. बाकीचे बोहारणीला द्यावेत, पण ती साड्या आणि मोठ्यांचे कपडे पाहते, लहान मुलांच्या कपड्यांवर वाटीसुद्धा मिळणे कठीण असते. मऊ सुती झबल्यांची फडकी करावीत.

आणखी एक. दुधाचे डाग धुतल्यावर दिसत नाहीत, पण वर्षभर घडीत राहिल्यावर पिवळे होऊन वर येतात. ते गरम पाण्यात घालू नयेत, त्याने डाग पक्का बसतो. आधी गार पाण्यात भिजवून साबण लावावा, उन्हात पूर्ण वाळवावे आणि मगच पिशवी बांधावी.

डॉ. आनंद, ए-३०१
केतकीताई, पिशव्यांत डांबरगोळ्या घातल्या होत्या का, हे विचारणे आवश्यक वाटते. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर जन्मतः कमी असते, आणि घरच्यांना ते बहुधा माहीत नसते. अशा नवजात बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी वापरली, तर त्यातील नॅफ्थालीनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. असे कपडे बरेच दिवस उन्हात आणि वाऱ्यावर टाकून, पुन्हा धुऊन, वास पूर्ण गेल्यावरच मोठ्या मुलांना द्यावेत. नवजात बाळासाठी ते देऊच नयेत.

केतकी, बी-४०३
डॉक्टर, एका पिशवीत गोळ्या होत्या आणि नेमकी दुपटी तिच्यातच आहेत. ती नाशिकलाही पाठवत नाही आणि प्राजक्तालाही देत नाही. खेळण्यांचे काय करावे? खोक्यांवर वय लिहिलेले होते, पण खोकी केव्हाच गेली.

डॉ. आनंद, ए-३०१
खेळणी देताना ज्या घरात ती जाणार, तिथल्या सर्वांत लहान मुलाचे वय पाहावे. पाच वर्षांच्या मुलासाठी दिलेले खेळणे त्याच्या रांगणाऱ्या भावाच्या तोंडातही जाणारच असते. टिश्यू पेपरच्या रोलची आतली पुठ्ठ्याची नळी घ्यावी. खेळण्याचा जो भाग तिच्यातून आरपार जातो, तो तीन वर्षांखालील मूल असलेल्या घरी देऊ नये. बाहुल्यांचे डोळे आणि गाड्यांची चाके ओढून पाहावीत, कारण सुटल्यावर तीही त्या नळीतून जातात. बटणासारखे चपटे सेल असलेली खेळणी वेगळी काढावीत. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतच भाजू शकते, म्हणून ज्याचे झाकण स्क्रूने घट्ट बंद होत नाही ते खेळणे कोणालाच देऊ नये. शिवाय, खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधीच्या, रंग उडणाऱ्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते. ती बाळांच्या ढिगात नकोत.

मनीषा, बी-६०१
मी अंगणवाडीत मदतनीस होते, म्हणून सुचवते. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले खेळायला आणि शिकायला येतात, त्यामुळे मोठे ठोकळे, लाकडी कोडी आणि भातुकली तिथे उपयोगी पडते. पण कोड्याचा एक तुकडा जरी हरवला असेल, तरी ते तिथे पडून राहते. प्रत्येक संच मोजून स्वतंत्र पिशवीत घालावा आणि पिशवीवर तुकड्यांची संख्या लिहावी. सेलवर चालणारी गाणारी खेळणी देऊ नयेत. सेल संपले की नवे कोण घालणार, हा प्रश्न असतो. तुमच्या पिशव्यांतल्या अशा खेळण्यांतले सेल आजच काढा, कारण ते गळून पांढरी पूड जमली की खेळणे बहुधा बंदच पडते. नेण्यापूर्वी सेविकाताईंना एकदा विचारावे.

केतकी, बी-४०३
मनीषाताई, तसेच करते. उद्या नणंदेकडून दोन मापे आली की नाशिकची पिशवी बांधते. तिच्यात सुती कपडे, दुसऱ्या थंडीतले स्वेटर आणि नळीत न जाणारी खेळणी एवढेच असेल. प्राजक्ता, तू शनिवारी संध्याकाळी येऊन स्वेटर आणि काळा फ्रॉक बघून घे. अंगणवाडीचे संच मोजून झाले की मी इथेच कळवीन.