अनुभव धागा: चिकन कटलेट – चुरा बदामी होईपर्यंत आतलं शिजतं का?

सुगरणीचा_भाऊ
काल वसईला बारशाला गेलो होतो. ताटात चिकन कटलेट आलं, वरून-खालून छान बदामी, पण कमरेभोवती पांढुरका पट्टा. तो पट्टा बघून चाळीतली शेजारची आँटी आठवली. नाताळात तिच्याकडे ताटंच्या ताटं तळली जायची, आणि असा पट्टा दिसला की ती तळणाऱ्या सुनेला एवढंच म्हणायची, "तेलात हात आखडलास गं." म्हणजे तेल तुकड्याच्या निम्म्यापर्यंतही पोचलेलं नसायचं.
कीम्याचं नाही म्हणत मी. छातीचा तुकडा ठोकून, मैदा-अंडं-ब्रेडचा चुरा लावून केलेलं. किती तेल घेता, किती तापवता, आत शिजलं हे कसं ओळखता? लिहा.

नलूताई
मी बटाट्याची करते, ती तेलात फुटतात. काय करावं?

सुगरणीचा_भाऊ
ताई, धागा चिकनचा आहे 🙂 पण बटाटा गरम असताना मळू नका, गार होऊ द्या.

तर्रीबाज
सोपं आहे. तेल धूर येईपर्यंत कडक तापवायचं आणि टाकायचं. बाहेरचं कवच लगेच बंद होतं, रस आत कोंडला जातो. थंड तेलात टाकलं की कटलेट तेल पितं.

मेधा_कर्वेनगर
तर्रीबाज, शेवटचं वाक्य बरोबर, बाकीचं नाही. धुरावलेल्या तेलात चुरा मिनिटभरात काळपट होतो, आतलं तोवर गुलाबीच. आणि रस कोंडला जात नाही हो. तळताना जे बुडबुडे येतात ते आतलं पाणीच बाहेर पडत असतं. ती वाफ बाहेर ढकलते म्हणून तेल आत शिरत नाही. तेल कोमट असलं की वाफेला जोर नसतो, मग चुरा तेल पितो आणि सालीसारखा सुटतो.

माझी पद्धत सविस्तर लिहिते, कुकर लावलाय तोवर. छातीचा तुकडा आडवा चिरून दोन पातळ काप करायचे, प्लॅस्टिकच्या दोन कागदांत ठेवून लाटण्याने ठोकायचे. जाडी सगळीकडे एक सेंटीमीटर, ही खरी गोम आहे. एक टोक जाड राहिलं तर ते शिजेपर्यंत पातळ टोक चामडं होतं. एक काप साधारण 80 ग्रॅमचा.

तेलाचं म्हणाल तर माझ्या पॅनचा सपाट तळ 24 सेंटीमीटरचा आहे, त्यात 300 मिली ओतते. रिकाम्या पॅनमध्ये ते जेमतेम सहा-सात मिलीमीटर दिसतं आणि लोक घाबरून अजून ओततात. दोन काप सोडले की तेल वर चढतं, जवळपास कापाच्या वरच्या कडेपर्यंत. म्हणजे खोली काप टाकल्यावर बघायची. निम्म्याच्या वर तेल आलं की पट्टा राहत नाही, कारण उलटल्यावर दोन्ही बाजूंचा तळलेला भाग मध्ये एकमेकांवर येतो. आणि तेल फारच कमी असेल तर चुरा थेट पॅनच्या तळाला टेकतो. तळ तेलापेक्षा गरम असतो, तिथे काळे ठिपके पडतात.

अंधेरीकर_पम्या
तापमान सांगा ना! माझ्या इंडक्शनवर 180 असं बटण आहे, तेच दाबतो, तरी करपतं.

मेधा_कर्वेनगर
ते बटण काचेखालच्या सेन्सरचं, तेलाचं नाही. कधी बरंच वर असतं कधी खाली. काडीचा थर्मामीटर घ्या. मी 180 ला काप सोडते, तेल लगेच 160च्या आसपास येतं, मग आच थोडी वाढवून 165-170 वर ठेवते. एका बाजूला अडीच ते तीन मिनिटं, उलटून तेवढंच. कापाच्या मध्ये काडी आडवी खुपसून 74 आलं की झालं. तीन-चार काप कोंबले तर तेल इतकं उतरतं की नंतर आच कितीही वाढवा, चुरा मऊच राहतो.
थर्मामीटर नसेल तर चिमूटभर चुरा टाका. तो लगेच फेसाळून वर आला आणि पाऊण मिनिटाने बदामी झाला तर ठीक. पाच-दहा सेकंदांत लाल झाला तर गॅस बंद करून थांबा.

बंड्याची_आई
आमचा बंड्या काल म्हणाला शाळेच्या डब्यात कटलेट दे. थंड झाल्यावर मऊ पडतं. कागदावर काढते मी.

प्राजक्ता_वि.
कागदावर खालची बाजू स्वतःच्याच वाफेने ओली होते. जाळीवर काढा, ताटलीही चालणार नाही. डब्याचं मात्र काही खरं नाही, झाकण लावलं की मऊ होणारच.

व्हिएन्नाहून_श्रीपाद
इथे हाच पदार्थ श्नित्झेल. नुसतं वीनर श्नित्झेल म्हटलं तर कायद्याने वासराचं मांसच लागतं, चिकनचं असेल तर नावात तसं लिहावं लागतं. आमच्याकडे मांस मेधाताईंच्या निम्म्या जाडीचं ठोकतात, तेल मात्र इतकं की तुकडा तरंगला पाहिजे. पॅन सतत हलवत राहतात म्हणजे गरम तेल वरून लाटेसारखं जातं आणि चुऱ्याचं कवच मांसापासून सुटून फुगतं. इथल्या माझ्या घरमालकीणबाई चुरा हाताने दाबू देत नाहीत, दाबला की फुगत नाही म्हणे.

तर्रीबाज
पण आपल्याकडे तर दाबूनच लावतात. न दाबता अर्धा चुरा तेलात पडतो.

मेधा_कर्वेनगर
दोन वेगळे पदार्थ समजा. आपल्या कटलेटला आलं-लसूण-मिरचीचं वाटण असतं, ते ओलं असतं. जास्तीचं वाटण पुसून मगच मैदा लावा, नाहीतर मैद्याचा चिखल होऊन सगळं कवच एका तुकड्यात गळून पडतं. दाबायचं की नाही यावर आमच्या घरीही एकमत नाही.

अंधेरीकर_पम्या
थर्मामीटर मागवला. एक शंका: पावाचा चुरा वापरतो, गोडसर पावाचा. त्यामुळे लवकर लाल होतो का?

प्राजक्ता_वि.
हो, साखर लवकर रंगते. रंग बघून काढलं तर आत कच्चं राहील. गोडसर पाव असेल तर तेल 160च्या जवळ ठेवा आणि काप अजून पातळ ठोका. शिवाय बाहेर काढल्यावरही रंग थोडा गडद होतो, एक छटा आधीच उचला.

गिरगावची_सुमन
रवा लावा, रवा! चुऱ्याचा एवढा व्याप नाही.

तर्रीबाज
रवा सुरमईला. कटलेटला रवा म्हणजे फसवणूक.

गिरगावची_सुमन
वांद्र्याला घराघरात रवा लावतात हो, जाऊन बघा.

बंड्याची_आई
आमच्याकडे कीम्याचं करतात, त्याचं तापमान वेगळं का? (माफ करा, धागा कीम्याचा नाही हे आता वाचलं.)

मेधा_कर्वेनगर
कीमा आधी परतून घेतलेला असेल तर आत फक्त गरम व्हायचं असतं, 180 वर पटकन रंग आणला तरी चालतं. कच्चा कीमा वळला असेल तर वरचाच नियम, पातळ थापायचं आणि मध्ये 74. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पळते.

सुगरणीचा_भाऊ
एक राहिलंच. दुसऱ्या घाण्याला काळे कण चिकटतात ते?

प्राजक्ता_वि.
ते पहिल्या घाण्यातून गळलेल्या चुऱ्याचे. प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीच्या झाऱ्याने उपसा, आणि तेल पुन्हा 180 ला येऊ द्या.

नलूताई
बटाटा गार केला. तरी फुटलं.