कधीच न भेटलेल्या आजी-आजोबांसाठी मित्राला काय लिहिलंत? अनुभव सांगा

मैत्रिणीची आजी गेली. मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं आणि खोडलं. मग आठवलं, रविवारी सकाळी ही माझा फोन कधीच घ्यायची नाही, ती वेळ आजीची असायची. तेच लिहिलं: “तुझी आजी मला तुझ्या रविवारच्या फोनमुळे ठाऊक. उद्या रविवार आहे, म्हणून आज तुझी जास्त आठवण येतेय. उत्तराची घाई नाही.” चार दिवसांनी तिचाच फोन आला, तासभर बोलली. तुम्ही काय केलंत?

———

फोनच करावा. मेसेज कोरडाच वाटतो.

———

माझे आजोबा गेले तेव्हा मी एकही फोन उचलू शकले नाही. बोलायला गेलं की रडूच यायचं. मेसेज मात्र रात्री पुन्हा पुन्हा वाचले. सगळ्यात लागलं ते “वय काय होतं?” मी ८९ सांगितलं की समोरून “मग सोनंच झालं” यायचं. म्हणजे मी रडायचंच नाही का? (विषय तुम्ही काय लिहिलंत हा होता, मी माझंच सांगत बसले. पण लिहावंसं वाटलं.)

———

शोकात असलेल्यांशी बोलणं हे माझं बरीच वर्षं काम आहे. पोकळ वाटतं ते बहुधा आपण न पाहिलेल्या माणसाबद्दल ठासून बोलतो तेव्हा. “फार प्रेमळ होत्या” हे आपल्याला कुठून कळणार? “तू त्यांच्याबद्दल बोलताना तुझा आवाज बदलायचा” हे मात्र आपण स्वतः ऐकलेलं असतं. असं एकच, खरं, लिहावं. “काही लागलं तर सांग” म्हटलं की काय लागतंय ते शोधायचं कामही त्यालाच लागतं. त्यापेक्षा “गुरुवारी ऑफिसचं तुझं काम मी बघतो” म्हणावं. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा विचारावं, तोवर बाकीच्यांचे मेसेज थांबलेले असतात. तेव्हा “आजी तुला काय म्हणून हाक मारायची?” इतका छोटा प्रश्न पुरतो.

———

पण मित्र आजोबांबद्दल कधी बोललाच नसेल तर? मी “तुझा मोठा आधार गेला” असं लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं, “हं.” पुढे कधीतरी कळलं की आजोबांनी त्याच्या आईला फार छळलं होतं. अजून ते वाक्य मला टोचतं.

———

अशा वेळी मी फक्त “कळलं. तू कसा आहेस?” एवढंच लिहिते. आधाराचं, प्रेमाचं काही गृहीत धरत नाही.

———

वरचा ‘हाक’वाला प्रश्न मी मैत्रिणीला पहिल्याच दिवशी विचारला होता. ती सांगू लागली आणि मध्येच थांबली, मग आठवडाभर गप्प. घाई झाली, की तिला तेवढंच बोलायचं होतं, मला अजून कळलेलं नाही. तिला विचारलंही नाही.